विवेचक शून्य असताना मुळे एक की दोन?

विवेचक शून्य आला की मुळे ‘वास्तव आणि समान’ असतात, हे मुंबईतल्या दहावीच्या मुलांना तोंडपाठ असते. तरीही x² − ६x + ९ = ० सोडवून x = ३ एवढेच उत्तर हाती आले, की दादरच्या एखाद्या क्लासमध्ये हमखास प्रश्न येतो: मूळ एकच मिळाले, तर ते समान कोणाशी? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

b² − ४ac ही राशी तिच्या नावापेक्षा खूप जुनी आहे. समीकरणाला ४a ने गुणून b² मिळवण्याच्या संस्कृत रीतीतून आजच्या मांडणीत (२ax + b)² = b² − ४ac हेच मिळते. ऋण संख्या कोणाचाही वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, हे ११५० च्या संस्कृत बीजगणितात स्पष्ट सांगितले आहे. त्याच ग्रंथातल्या वानरांच्या कळपाच्या उदाहरणात विवेचक २०२५, म्हणजे ४५ चा वर्ग येतो आणि मुळे ५० व ५ मिळतात. पण कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करायचे असल्याने ५ हे उत्तर तिथे नाकारले आहे. विवेचक समीकरणाची मुळे मोजतो, उदाहरणाची उत्तरे नव्हे. आपण ज्याला विवेचक म्हणतो त्याची इंग्रजी संज्ञा १८५१ मध्ये घडली.

खरा गुंता ‘समान’ या शब्दात आहे. x² − ६x + k = ० घ्या; याचा विवेचक ३६ − ४k. k = ८ असताना तो ४ येतो आणि मुळे २ व ४. k = ८.९९ केल्यास तो ०.०४ आणि मुळे २.९ व ३.१. दोन्ही वेळा बेरीज ६ च. k = ९ ला मुळे ३ वर येऊन मिळतात; तिथे मूळ एकदाच मोजले तर बेरीज ३ होईल आणि मुळांची बेरीज −b/a असते हा नियम नेमका याच ठिकाणी मोडेल. म्हणून ३ दोनदा मोजायचा. हा संकेत आहे हे खरे, पण तो मनमानी नाही. वेगळ्या किमती किती, असे विचारले तर मात्र उत्तर ‘एक’ हेच बरोबर, आणि परवलयाचा आलेख X-अक्षाला एकाच बिंदूत स्पर्श करतो तो यामुळेच. प्रश्नपत्रिकेत ‘किती मुळे’ एवढेच छापणे, हा माझ्या मते दोष प्रश्नाचा, विद्यार्थ्याचा नव्हे.

k = ९.०१ ला विवेचक −०.०४ होतो. दहावीत इथे ‘मुळे वास्तव नाहीत’ असे लिहायचे असते. घाईत बरेच जण ‘मुळे नाहीत’ लिहितात आणि अकरावीत संमिश्र संख्या आल्या की अडखळतात, कारण ३ + ०.१i आणि ३ − ०.१i ही दोन मुळे तिथे असतातच आणि त्यांची बेरीजही ६ च भरते.