साखळीचा पीळ आणि फेरीचा सांधा: क्रोशाने गोल विणणाऱ्या ग्राहकांसाठी

थंडी सुरू झाली की गोल मफलर, कानटोप्या आणि झबल्यांसाठी लोकर घ्यायला गर्दी होते. पुढच्या आठवड्यात त्यातलेच काही जण अर्धवट विणलेला तुकडा पिशवीत घालून परत येतात. प्रश्न दोनच असतात: "हे मधेच उलटं का झालं?" आणि "ही जोडाची रेघ दिसू नये म्हणून काय करायचं?" गर्दीच्या वेळी काउंटरवर हे नीट समजावता येत नाही, म्हणून हे पत्रक लोकरीबरोबर देत आहोत. साखळी, मुका खांब आणि खांब तुम्हाला येतात असं धरून लिहिलं आहे.

उदाहरण गोल मफलरचंच घेऊ, कारण त्याच्या दोन्ही कडा गळ्याशी दिसतात आणि चूक लपत नाही. मध्यम जाडीची लोकर, ४ मिमीची सुई, १० सेंमीत १६ खांब बसतात आणि घेर ६० सेंमी हवा आहे. म्हणजे ९६ टाके. तुमचा हात सैल किंवा घट्ट असेल तर आधी छोटा तुकडा विणून, मोजून हा आकडा बदला.

बहुतेक जणी ९६ साखळ्या घालतात, शेवटची साखळी पहिलीला स्लिप स्टिचने जोडतात आणि लगेच फेरी सुरू करतात. घोळ इथेच होतो. साखळीला पुढची आणि मागची बाजू असते. पुढे वेणीसारखे टाके दिसतात, मागे एकेक उंचवटा असतो. लांब साखळी हातात लोंबत असताना आपोआप पीळ घेते, आणि हात जितका घट्ट तितका पीळ जास्त. जोडताना मधे कुठेतरी वेणीची बाजू खाली गेलेली असते, पण साखळी इतकी बारीक असते की ते डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या फेरीतही कळत नाही, कारण फेरी अरुंद असते आणि तशीही वळत असते. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तुकडा टेबलावर सपाट बसेनासा होतो, तेव्हा लक्षात येतं.

मग आमच्याकडे आणून विचारतात, "एवढं सरळ करून द्या ना." ते करता येत नाही. इस्त्रीने, पाण्यात भिजवून किंवा ओढून हा पीळ जात नाही, कारण तो लोकरीत नसून जोडात असतो. जोड सुटल्याशिवाय तो सुटणार नाही, आणि जोडावर सगळ्या फेऱ्या उभ्या असतात. उसवून पुन्हा सुरुवात करणं हाच मार्ग आहे. आम्ही दुरुस्तीचे पैसे घेऊन असे तुकडे ठेवून घेत नाही, यावर काहींनी नाराजी दाखवली आहे. पण जे दुरुस्त होणार नाही ते घ्यायचं आणि आठ दिवसांनी तसंच परत द्यायचं, हे आम्हाला पटत नाही. साधी लोकर उसवून पुन्हा वापरता येते. लव असलेली, मोहेरसारखी लोकर मात्र उसवताना गुंतते आणि तुटते. म्हणूनच पहिल्यांदा गोल विणणाऱ्यांना आम्ही ती लोकर सुचवत नाही, गुळगुळीत आणि फिक्या एकरंगी लोकरीकडे वळवतो. त्यावर टाके स्पष्ट दिसतात.

एकदा पीळ घातलेले मफलर फॅशनमध्ये आहेत, ते मुद्दाम तसे विणलेले असतात. तुमचा मफलर चुकून तसा झाला आणि तुम्हाला आवडला, तर खुशाल पुढे विणा. टोपी किंवा झबलं असेल तर मात्र लगेच थांबा.

पीळ टाळायची आम्ही शिकवतो ती रीत अशी. साखळी जोडायचीच नाही, पहिली ओळ सपाट विणायची. ९७ साखळ्या घाला, सुरुवातीला वीतभर शेपूट सोडा. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब आणि पुढे प्रत्येक साखळीत एकेक, म्हणजे ९६ मुके खांब होतील. आता तुमच्या हातात साखळीऐवजी पट्टी आहे. तिला वरची कड आणि खालची कड आहे, त्यामुळे पीळ पडला तर लगेच दिसतो. ती टेबलावर अशी ठेवा की साखळीची कड तुमच्याकडे आणि टाक्यांची डोकी पलीकडे राहतील. साखळीच्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवा. बोट कुठेही पलीकडच्या कडेला जाता कामा नये. मग दोन्ही टोकं एकत्र आणा, पुन्हा एकदा बोट फिरवा आणि शेवटचा मुका खांब पहिल्याच्या डोक्याला जोडा.

जोडाच्या खाली एका मुक्या खांबाच्या उंचीची फट राहते. ती बघून अनेकांना वाटतं की रीतच चुकीची आहे. ती फट सुरुवातीच्या शेपटानेच बंद करायची असते, म्हणून वीतभर सोडायला सांगितलं. शेपूट बोथट सुईत ओवा, समोरच्या टोकाच्या पहिल्या साखळीतून घाला, परत स्वतःच्या साखळीत आणा आणि उरलेलं मागच्या बाजूने टाक्यांत लपवा. फट दिसत नाही. पहिली ओळ खांबांची घेतली तर फट जास्त उंच होते आणि शिवण जाणवते, म्हणून आम्ही पहिली ओळ मुक्या खांबांचीच घ्यायला सांगतो.

काहींच्या नमुन्यात साखळी जोडूनच सुरुवात करायची असते. तिथे साखळी घालताना ४ ऐवजी ४.५ किंवा ५ मिमीची सुई वापरा, म्हणजे साखळी सैल होऊन पीळ कमी घेईल. दर वीस साखळ्यांनंतर वेणीच्या बाजूने एक सेफ्टी पिन अडकवा. जोडण्याआधी साखळी टेबलावर गोल मांडा आणि सगळ्या पिना वरच्या बाजूला आहेत ना ते बघा. एवढं करूनही पहिल्या फेरीच्या शेवटी पीळ दिसला, तर फेरी बंद करू नका. त्या क्षणी तुकडा फक्त साखळीच्या एका जोडावर लटकलेला असतो, त्यामुळे सगळा पीळ ढकलत ढकलत त्या जोडापर्यंत आणता येतो. तिथे धाग्याला थोडा वळ राहतो, तो दिसत नाही. दुसरी फेरी चढली की ही सोय संपली.

आता जोडाची रेघ. ती दोन कारणांनी दिसते, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं कारण म्हणजे फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या. खांबाऐवजी त्या मोजल्या तरी त्या खांबापेक्षा बारीक असतात, म्हणून शेजारी भोक पडतं आणि अशी अठरा भोकं एकावर एक आली की रेघ होते. त्याऐवजी एक साखळी घाला, ती मोजू नका. त्याच टाक्यात एक मुका खांब घाला. या मुक्या खांबाच्या डाव्या अंगाला खालून वर गेलेला एक उभा धागा दिसेल. त्या धाग्याखालून सुई घालून दुसरा मुका खांब घाला. एकावर एक बसलेले हे दोन मुके खांब उंचीला आणि जाडीला खांबासारखेच दिसतात. हाच तुमचा पहिला खांब. त्याच्या डोक्यात लगेच पिन लावा, कारण फेरी संपताना हे डोकं ओळखायला अवघड जातं.

दुसरं कारण स्लिप स्टिचची गाठ. फेरी संपली की तिचा जाडसर ठिपका पुढच्या बाजूला बसतो. तो मागे न्यायचा. शेवटचा खांब झाल्यावर सुईवरचं घर थोडं मोठं करून सुई काढून घ्या. पिन लावलेल्या पहिल्या टाक्याच्या दोन्ही धाग्यांखालून सुई मागून पुढे आणा, सोडलेलं घर तिच्यात अडकवा आणि मागे ओढा. लोकर ओढून घर सुईच्या मापाचं करा आणि पुढची फेरी सुरू करा. पुढून टाके सलग दिसतात.

हा जोड टाका म्हणून मोजायचा नाही, आणि त्यात खांबही घालायचा नाही. इथे चूक झाली की प्रत्येक फेरीत एक टाका वाढतो, आणि मफलर वर जाताना नरसाळ्यासारखा पसरतो. सुरुवातीच्या तीन-चार फेऱ्या तरी ९६ मोजूनच पुढे जा.

हे सगळं केलं तरी जोड दर फेरीला थोडा उजवीकडे सरकतो. उजव्या हाताने विणणाऱ्यांच्या टाक्याचं डोकं खांबाच्या किंचित उजवीकडे बसतं, त्यामुळे हे होणारच. तुमची चूक नाही. सरळ रेषेत हवा असेल तर प्रत्येक फेरीनंतर काम उलटवून विणा, मात्र मग फेऱ्यांचा पोत आलटून पालटून वेगळा दिसेल. फक्त मुक्या खांबांचं काम असेल, जसं बाहुल्या किंवा टोपल्या, तर फेरी जोडूच नका. पिन पुढे सरकवत गोल गोल चढत जा. रंगीत पट्टे असतील तर ही रीत नको, कारण रंग बदलतो तिथे पायरी पडते.

शेवटच्या फेरीत स्लिप स्टिच अजिबात घालू नका. शेवटच्या खांबानंतर वीतभर लोकर ठेवून कापा आणि ती घरातून पूर्ण बाहेर ओढा. बोथट सुईत ओवून पहिला टाका सोडा, दुसऱ्या टाक्याच्या दोन्ही धाग्यांखालून पुढून मागे जा. मग सुई परत शेवटच्या खांबाच्या डोक्यात, जिथून लोकर बाहेर आली तिथे, फक्त मागच्या धाग्याखाली घाला. हलकेच ओढलं की सोडलेल्या टाक्यावर खोटं डोकं तयार होतं, बाकीच्या डोक्यांच्या मापाचं. जास्त ओढलं तर तिथे कड आवळते, कमी ओढलं तर फास लोंबतो. शेजारच्या टाक्याशी जुळवून बघा.

मफलरसाठी लोकर घेताना चार सेफ्टी पिना आणि मोठ्या डोळ्याची बोथट सुई सोबत घ्या. काहींना वाटतं आम्ही उगाच खपवतो, पण शिवणकामाची टोकदार सुई लोकरीचे पदर फाडते आणि खोटं डोकं वेडंवाकडं बसतं. पूर्ण मफलरला लागणारी लोकर एकदमच, एकाच लॉट नंबरची घ्या. लेबल न फाडलेली गुंडी आम्ही परत घेतो, उसवलेली घेत नाही. आणि शक्य असेल तर पहिली ओळ विणून, जोडण्याआधी दुकानात दाखवायला या, दुपारी गर्दी कमी असते. साखळीची कड बघायला दोन मिनिटं लागतात, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.