रिव्हेट नट

पातळ पत्र्यात किंवा पोकळ नळीत, जिथे मागून हात पोहोचत नाही तिथे, एकाच बाजूने बसवता येणारा आट्यांचा नट. १९३० च्या दशकात अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीने विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेवर बर्फ साचू न देणारे रबरी आवरण जोडण्यासाठी तो तयार केला. आज तो वाहनांच्या बॉडीपासून विजेच्या पॅनलपर्यंत सर्वत्र आढळतो. बाजारात त्याला रिवनट असेही म्हणतात.

गोव्यात त्याचा फार चांगला उपयोग होतो तो पावसाळी शेडच्या सांगाड्यात. पावसाच्या आधी बल्कांवावर, म्हणजे घराच्या दर्शनी ओसरीवर, किंवा अंगणात पत्रे चढवायचे आणि पाऊस सरला की उतरवायचे, असे दरवर्षी चालते. सांगाडा बहुधा जीआय बॉक्स पाईपचा असतो. त्यात सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारले तर दोन-तीन मोसमांत भोके सैल होतात. टॅप मारून पाईपातच आटे पाडले तरी उपयोग नसतो. पाईपची भिंत १.६ मिमी आणि एम६ बोल्टच्या आट्यांमधले अंतर १ मिमी, म्हणजे आट्यांचे जेमतेम दीड वेढे हाती लागतात. रिव्हेट नटात बोल्टला पुरेसे आटे मिळतात आणि तो पुन्हा पुन्हा उघडता येतो.

नटाला वर कॉलर असते. कॉलरखालचा भाग पातळ आणि बिनआट्याचा, तर आटे त्याच्याही खाली, टोकाकडे असतात. आटे वर ओढले की मधला पातळ भाग फुगून दुमडतो आणि पत्रा कॉलर व घडी यांच्यामध्ये आवळला जातो.

सामान्य एम६ रिव्हेट नटासाठी ९ मिमीचे भोक लागते आणि तो साधारण ०.५ ते ३ मिमी जाडीचा पत्रा धरतो. पाकिटावरचा आकडा मात्र पाहावाच. १.६ मिमीच्या पाईपात आधी ४ मिमीचे भोक पाडावे, मग स्टेप ड्रिलने ९ मिमीपर्यंत न्यावे. साधे मोठे ड्रिल पातळ पत्र्यात तिकोनी भोक पाडते, आणि अशा भोकात नट पुढे फिरू लागतो. षटकोनी नटाची पकड उत्तम, पण त्याला षटकोनी भोक लागते. म्हणून पाईपसाठी दातेरी गोल नट व्यवहार्य ठरतो. भोकाची कड कानशीने साफ करून उघड्या पोलादाला झिंक पेंट लावावा. गोव्याच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो.

नट ओढून बसवण्याचे खास हत्यार नसेल तर दणकट एम६ बोल्टवर आधी जादा नट, मग वायसर चढवतात आणि बोल्ट रिव्हेट नटात पूर्ण शिरवतात. वायसर कॉलरवर टेकवून बोल्टचे डोके एका पान्याने स्थिर धरायचे आणि जादा नट दुसऱ्याने कॉलरकडे फिरवायचा. बोल्ट वर ओढला जातो आणि प्रत्येक फेऱ्याला नट १ मिमीने दुमडतो. किती फेरे द्यायचे हे अंदाजाने ठरवू नये. त्याच जाडीच्या तुकड्यावर एक नट बसवून मागची घडी पाहावी. ती पत्र्याला पूर्ण टेकली की हाताला जोर एकदम वाढलेला जाणवतो. तोवरचे फेरे मोजून पाईपावर तेवढेच द्यावेत. कमी दिले तर नट पुढे गरगर फिरतो, जास्त दिले तर आटे ओरबाडले जातात.

एक चूक अनुभवी कारागिरांकडूनही होते. जोडायच्या पट्टीचे भोक कॉलरपेक्षा मोठे असेल तर बोल्ट आवळताना पट्टी कॉलरवर न टेकता पत्र्यावर टेकते. मग बोल्ट नटालाच वर ओढत राहतो. घडी आणखी चेपते आणि शेवटी नट भोकातून उपटतो. एम६ साठी पट्टीचे भोक साधारण ६.६ मिमी ठेवले की कॉलर पट्टीखाली नीट दबते.

पाण्यासाठी बंद टोकाचा नट घ्यावा, म्हणजे बोल्टवाटे पाणी पाईपात उतरत नाही. बोल्ट मात्र मोजून घ्यावा. लांब बोल्ट तळाला टेकतो आणि पट्टी सैल असतानाही घट्ट बसल्याचा भास देतो.

जीआय पाईपात झिंक चढवलेला पोलादी नट जुळतो. ॲल्युमिनियमचा नट वर्षातून दोनदा उघडझाप होणाऱ्या जागी टाळावा, त्याचे आटे लवकर झिजतात. स्टेनलेस नटात स्टेनलेस बोल्ट कोरडा घातला तर तो अडकून बसतो, त्यामुळे अँटी-सीझ ग्रीस लावणे आवश्यक. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस नट घातला तर खाऱ्या ओलाव्यात भोवतालचे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीने फुगते. तिथे कॉलरखाली सीलंट भरून दोन्ही धातूंच्या मध्ये ओल जाऊ देऊ नये.

फिरणारा नट काढायचा तर कॉलर घट्ट धरून ड्रिलने उडवावी. उरलेला भाग पाईपात पडतो. नवा नट त्याच भोकात घालण्याआधी भोक मोजावे. ते वाढले असेल तर एम८ चा नट घ्यावा, त्याला ११ मिमीचे भोक लागते.