लॅपटॉप कॅलिब्रेशनला आणण्याआधी एवढं वाचा

स्क्रीनच्या रंगांचं कॅलिब्रेशन करून नेलं की आठवड्याभरात फोन येतो, दादा ग्रे मस्त झाला पण लाल अजून फिकाच दिसतोय, परत एकदा मारून द्या ना. परत मारून काही होत नाही, कारण कलरीमीटर नुसता मोजतो. मोजून आम्ही पांढरा डी६५ ला आणतो, ग्रेमधली निळसर झाक काढतो, गॅमा २.२ ला बसवतो आणि प्रोफाइल बनवून देतो, पण पॅनलला जो सगळ्यात गडद लाल दाखवता येतो त्याच्या पुढे ते जात नाही.

स्पेसिफिकेशनमध्ये ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असेल तर ते पॅनल एसआरजीबीचा साधारण ६०-६५ टक्केच भाग दाखवतं. आता लग्नपत्रिकेचा लाल घ्या, मॅजेंटा १०० यलो १००. असल्या पॅनलवर तो विटकरी-केशरी दिसतो, मग डिझायनर यलो ६० वर आणतो, स्क्रीनवर थोडं बरं वाटतं आणि प्रेसमधून पत्रिका येते राणी रंगाकडे झुकलेली. शिव्या मात्र प्रेसवाल्याला. अशा पॅनलवर कॅलिब्रेशननंतर ग्रे, स्किनटोन, हलके रंग यांच्यावर भरवसा ठेवा, गडद रंगांना आकडे आणि प्रूफ बघूनच हात लावा. एसआरजीबी १०० टक्के असलेलं पॅनल असेल तर डेल्टा ई, म्हणजे हवा तो रंग आणि दिसतो तो रंग यातला फरक, सरासरी दोनच्या आत सहसा येतो. कोपऱ्यातला पिवळेपणा मात्र तिथेही जात नाही, आम्ही मधोमधच मोजतो.

आमचा खरा वेळ खातं ते ऑटो डिमिंग. ग्राफिक्स ड्रायव्हरचं पॉवर सेव्हिंग चालू असलं की स्क्रीनवर काळं जास्त आलं की बॅकलाइट आपोआप कमी होतो, म्हणजे आम्ही गडद पट्ट्या मोजतोय आणि खाली दिवाच हलतोय. गॅमा वाकडा येतो, सगळं पहिल्यापासून. घरीच बघा: पूर्ण काळ्या पानावर मधे छोटा पांढरा चौकोन ठेवा, तो दोन-चार सेकंदांत हळूहळू बदलला तर ते चालू आहे. ते, नाइट लाइट, ऑटो ब्राइटनेस आणि कंपनीचं ‘व्हिविड’वालं ॲप, सगळं बंद करूनच या, चार्जरही आणा. आधी अर्धा तास आम्ही लॅपटॉप नुसता चालू ठेवतो त्याला लोक टाइमपास म्हणतात, पण बॅकलाइट स्थिरावल्याशिवाय घेतलेलं रीडिंग काय कामाचं?

ब्राइटनेस आम्ही १२० कँडेलाच्या आसपास लावतो आणि किती टक्क्यांवर ठेवला ते चिठ्ठीवर लिहून देतो. काम करताना तिथेच ठेवा, सिनेमा बघताना काय वाटेल ते करा.

नवीन लॅपटॉप घ्यायचा असेल तर आधी मॉडेल नंबर व्हॉट्सॲप करा, पॅनल कसलं आहे ते बघून सांगू, त्याचे पैसे घेत नाही. आहे तोच लॅपटॉप फारच मर्यादित निघाला तर कॅलिब्रेशन न करता फक्त मोजून कव्हरेजचा रिपोर्टही देतो, तो बघून बाहेरचा मॉनिटर घ्यायचा का ते ठरवता येईल.