हँगिंग मॅन की हॅमर? कँडल तीच, मग अर्थ उलटा का

कँडलस्टिक शिकताना बहुतेक जण चित्र पाठ करतात आणि तिथेच घोळ होतो, कारण वर छोटी बॉडी, खाली बॉडीच्या किमान दुप्पट लांब शॅडो आणि वर शॅडो जवळपास नाहीच, ही कँडल घसरणीनंतर आली तर हॅमर आणि तेजीनंतर आली तर हँगिंग मॅन. बॉडी लाल की हिरवी याने नाव बदलत नाही.

समजा शेअर ४०० वरून चढत ४७८ ला आला. त्या दिवशी ४७८ ला उघडला, ४६२ पर्यंत आपटला, पण शेवटी ४८० ला बंद झाला. बघणाऱ्याला वाटतं वा, खरेदीदार किती जोरात आहेत! पण मधे १६ रुपये खाली नेण्याइतकी विक्री आली होती, आणि ती तेजीच्या टोकावर आली. शिवाय त्या दिवशी ओपनला किंवा क्लोजला घेतलेल्या सगळ्यांचा भाव ४७८-४८० च्या आसपास आहे. दुसऱ्या दिवशी क्लोज ४७८ च्या खाली गेला की हे सगळे तोट्यात, मग तेच विकायला धावतात आणि घसरण वाढते. म्हणून हँगिंग मॅन दिसला की लगेच विकायचं नसतं, पुढच्या क्लोजची वाट बघायची. तो ४७८ च्या वर राहिला तर कोणी अडकलेलंच नाही, तेजी पुढे चालू राहू शकते आणि असं बरेचदा होतं.

हॅमरला मात्र इतकी पुष्टी लागत नाही, कारण तिथे घसरणीत खालून झालेली खरेदी कँडलमध्येच दिसते.

आता इन्व्हर्टेड हॅमर. बॉडी खाली, लांब शॅडो वर. तेजीनंतर आली तर हीच शूटिंग स्टार. शेअर ३०० वरून पडत २४१ ला उघडला, २५६ ला जाऊन परत २४३ ला बंद झाला. वरचा भाव टिकला नाही म्हणजे कमजोरीच वाटते ना, म्हणून शॉर्टवाले इथे अजून विकतात. पण दुसऱ्या दिवशी भाव २४३ च्या वर उघडून वरच बंद झाला तर तेच अडकतात, आणि शॉर्ट कापायला त्यांना खरेदीच करावी लागते. आपल्याकडे कॅशमधलं इंट्राडे शॉर्ट त्याच दिवशी कापावं लागतं, त्यामुळे हे अडकलेले लोक मुख्यतः फ्युचर्समधले, म्हणून एफ अँड ओमध्ये नसलेल्या शेअरवर हा तर्क मला तरी लंगडा वाटतो.

आणि साइडवेज मार्केटमध्ये या चारपैकी एकही नाव देऊ नका. आधी ट्रेंडच नसेल तर उलटणार काय?