सात ‘पी’ आणि बुडालेले दिवस : सोलापुरातील योगवर्गाच्या वादाची पार्श्वभूमी

जुळे सोलापुरातील एका योग स्टुडिओच्या सेवेचा आढावा विस्तारित मार्केटिंग मिक्सच्या, म्हणजे इंग्रजीत ‘पी’ने सुरू होणाऱ्या विक्रीच्या सात घटकांच्या, चौकटीत सुरू आहे. फी, जागा आणि जाहिरात यांवर कोणाचा फारसा आक्षेप नाही. सभासदाचे बुडालेले दिवस भरून द्यायचे की नाही, यावर मात्र गाडी अडली आहे.

वस्तू, किंमत, जागा आणि जाहिरात हे मूळ चार ‘पी’ रूढ झाले ते 1960 मधल्या एका अमेरिकी पाठ्यपुस्तकामुळे, आणि त्या मांडणीसमोर होता तो मुख्यतः कारखान्यातला माल. चादर आज खपली नाही तर उद्या खपते. सकाळी सहाच्या वर्गातली रिकामी राहिलेली जागा मात्र सव्वासातला विकता येत नाही. सेवांच्या अशाच अडचणी ओळखून 1981 मध्ये दोन अभ्यासकांनी माणसे, प्रक्रिया आणि दृश्य पुरावा हे तीन घटक जोडले.

भरपाईची सवय मात्र अलीकडची आहे. 21 जून 2015 च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनानंतर फी भरून योग शिकण्याकडे ओढा वाढला आणि वार्षिक फी आगाऊ घेण्याची पद्धत रुळली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. राज्यात जिम उघडायला दसरा उजाडला. पैसे आधीच घेतलेले असल्याने अनेकांनी सभासदांचे महिने पुढे ढकलले, आणि त्या वेळी ते योग्यच होते. पण संकटातली ही सवलत पुढे हक्क म्हणून मागितली जाऊ लागली. लग्न, गड्ड्याची जत्रा, मुलांची परीक्षा, कारण कोणतेही असो, ‘आमचे दिवस पुढे धरा’ हे ठरलेलेच.

आता या स्टुडिओचा हिशेब पाहू. हॉलमध्ये 16 मॅट मोकळेपणाने बसतात. सकाळी सहाच्या बॅचला नावे मात्र 22 आहेत. महिन्याला 24 वर्ग होतात आणि सरासरी सभासद 16 दिवस येतो, म्हणजे रोज 15 च्या आसपास उपस्थिती. कागदावर सगळे जुळते. पण सरासरी फसवी असते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि योग दिनानंतर 20 जण येतात. त्रिकोणासनात पसरलेला हात शेजाऱ्याला लागतो, शिक्षिकेला रांगांमधून फिरता येत नाही, आणि गुडघा किंवा कंबर चुकीची वळली तरी कोणी सांगत नाही. सभासद ज्यासाठी पैसे मोजतो, तीच गोष्ट त्या दिवशी त्याला मिळत नाही. महिन्याची एकूण हजेरी पाहून हे कळत नाही; मस्टर तारखेनिहाय वाचावे लागते.

या बॅचचे महिन्याला 176 दिवस बुडतात. संध्याकाळच्या बॅचमध्ये 6 जण आहेत, म्हणजे 10 जागा रोज रिकाम्या, महिन्याच्या 240. म्हणून ‘तिकडे भरून द्या’ हा तोडगा सोपा वाटतो. पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 40 च्या वर जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळीही उष्णता सोडत असतो. पहाटेच्या जागेची बरोबरी ती जागा करू शकत नाही. शिवाय सकाळी येणारा माणूस नोकरीमुळेच सकाळी येत असतो.

आढाव्यात तीन मते आहेत : भरपाई अजिबात नको, कोणत्याही बॅचला द्या, किंवा मर्यादेत द्या. प्रस्तुत लेखकाला तिसरे पटते : महिन्याला 4 दिवस, त्याच महिन्यात, जागा असलेल्या बॅचमध्ये, आदल्या रात्री कळवून. आजारपणासाठी किमान 15 दिवस सभासदत्व थांबवण्याची सोय वेगळी. त्यासोबत सकाळची नावे 18 वर आणली पाहिजेत. 1,200 रुपये फीच्या हिशेबाने यात महिन्याला 4,800 रुपये बुडतील. गर्दीच्या दिवशी 18 जणही थोडे जास्तच होतील, पण शिक्षिकेला फिरायला वाट राहील.

हा नियम प्रक्रियेत मोडतो, पण तो टिकतो माणसांवर. फी घेणारा मुलगा ओळखीच्यांना वेगळा आणि इतरांना वेगळा नियम लावत असेल, तर नियम असून नसल्यासारखा. शिक्षिका रजेवर असताना बदली कोण, हेही आज ठरलेले नाही. बदली शिक्षक नेमताना तेलुगू किंवा कन्नड येणारा असावा, ही मागणी रास्त आहे. ‘श्वास रोखू नका’ ही सूचना ज्येष्ठांना त्यांच्या भाषेत कळणे सुरक्षिततेसाठी गरजेचे आहे.

दृश्य पुराव्याचे महत्त्व इथे वेगळ्या कारणाने वाढते. योग शिक्षकांसाठी सरकारी प्रमाणन योजना आहे, पण ती ऐच्छिक आहे. खासगी वर्ग चालवायला तिचे प्रमाणपत्र सक्तीचे नाही. त्यामुळे नवा माणूस भिंतीवरचे प्रमाणपत्र, मॅटचा वास आणि चपलांची जागा पाहूनच मत बनवतो. या स्टुडिओत आरसे नवे आहेत, पण भरपाईचा नियम कुठेच लावलेला नाही. मराठी, तेलुगू आणि कन्नडमधला फलक आणि पावतीच्या मागे छापलेला नियम, असा मसुदा तयार आहे. जुन्या वार्षिक सभासदांना तो लगेच लावायचा की मुदत संपल्यावर, एवढे ठरायचे बाकी आहे.