भुट्ट्याचा कीस आणि भाजलेलं कणीस

इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाणाऱ्यांकडे पाहा. मऊ, दुधात शिजलेला कीस चार-पाच चमच्यांत संपतो आणि माणूस पुढच्या दुकानाकडे वळतो. तेवढेच दाणे भाजलेल्या कणसावरून खायचे तर दातांना बराच वेळ काम पडतं. किसात तूप-दूध असल्यामुळे उष्मांक जास्त असतात, हे खरंच. पण मला इथे महत्त्वाचा वाटतो तो खाण्याचा वेग, आणि तो बहुतेकदा पदार्थाचा मऊपणाच ठरवतो.

पोट भरल्याची खबर मेंदूला एकदम मिळत नाही. जठर ताणलं की व्हेगस चेतातंतूमार्फत पहिला संदेश जातो. अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचलं की तिथल्या पेशी सीसीके हे संप्रेरक सोडतात. जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं मुख्यतः आतड्याच्या खालच्या भागातून येतात, आणि जेवणानंतरही बराच वेळ त्यांचा परिणाम राहतो. म्हणून पोट भरल्याचं ‘वीस मिनिटांनी मेंदूला कळतं’ हे नेहमी ऐकू येणारं वाक्य फारच ढोबळ आहे. पाच मिनिटांत ताट संपवणाऱ्याचे यांतले बरेच संदेश मात्र शेवटचा घास गिळून झाल्यावरच येतात.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रीक प्रयोगात १७ निरोगी पुरुषांना ३०० मिलिलिटर आइस्क्रीम दिलं, एकदा ५ मिनिटांत आणि एकदा ३० मिनिटांत खायला. सावकाश खाल्लं तेव्हा पीवायवाय आणि जीएलपी-१ यांचं रक्तातलं प्रमाण जास्त वाढलं. भूक वाढवणाऱ्या घ्रेलिनमध्ये मात्र ठळक फरक दिसला नाही. आइस्क्रीम दोन्ही वेळा सारखंच होतं, त्यामुळे सावकाश खाणारा कमी खातो, हे या प्रयोगातून सिद्ध होत नाही.

तो पुरावा दुसरीकडे आहे. २०१४ मध्ये २२ अभ्यास एकत्र तपासले गेले. सावकाश खाणाऱ्यांच्या पोटात कमी उष्मांक गेले, आणि जेवण संपताना किंवा त्यानंतरच्या काही तासांत त्यांना जास्त भूकही लागली नाही. मला यातला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. कमी खाऊनही भूक तेवढीच राहिली, याचं कारण फक्त संप्रेरकांत शोधून चालणार नाही. घास तोंडात जितका वेळ राहतो, तितका वेळ चव आणि चावणं यांची नोंद मेंदूत होत असते. तीही तृप्तीत भर घालते.

प्रत्येक घास चाळीस वेळा चावा, असं सांगितलं तर दोन दिवसांत कोणीही कंटाळेल. त्यापेक्षा ताटातला पदार्थ बदलणं सोपं. मऊ खिचडीसोबत काकडी-गाजराचे जाड काप घ्या, रस पिण्याऐवजी पेरू खा, उसळीतले मूग फार शिजवू नका. दात नीट नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना, किंवा ज्यांचं वजन मुळातच कमी आहे त्यांना हा उपाय लागू नाही. आणि यातले बहुतेक प्रयोग एका जेवणापुरते आहेत; त्यांच्यावरून वर्षभरात किती किलो उतरतील याचा हिशोब मांडता येत नाही.