घरघर थांबली तेव्हा

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कॅज्युअल्टीत दम्याच्या रुग्णांची ये-जा वाढते. माळे साफ होतात, गाद्या झटकल्या जातात, भिंतींना रंग लागतो. आणि रात्री दहाच्या पुढे रिक्षातून कुणीतरी खांदे वर ओढत, तोंडाने श्वास घेत उतरतं. इथे जिची हकिगत सांगतोय ती बावीस वर्षांची मुलगी अशा तीन-चार जणांची मिळून बनवलेली आहे. घडामोडींचा क्रम मात्र आम्ही नेहमी बघतो तोच.

आई तिला सारखी म्हणत होती, "जरा आडवी हो गं." ती ऐकत नव्हती, आणि तिचंच बरोबर होतं. दम्याचा जोराचा झटका आलेल्या माणसाला बसूनच थोडाफार श्वास घेता येतो. मी विचारलं, "काय झालं?"

"माळा... झाडला... दुपारी... पंप... घेतला..."

एका श्वासात एक शब्द. आमची पहिली तपासणी हीच असते, तिला यंत्र लागत नाही. एका दमात वाक्य पुरं होत नसेल, तर झटका तीव्र आहे. बाकीचे आकडेही तेच सांगत होते. नाडी १२८, श्वास मिनिटाला ३२, बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९३. श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरच्या नळीत ती एरवी फुंकायची तेव्हा काटा ४२० वर जायचा, आज १५० वर अडकला. नेहमीच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याखाली आकडा आला की आम्ही तीव्र म्हणतो, एक तृतीयांशाच्या खाली गेला की जीवघेणा. ती या दोहोंच्या मध्ये होती.

दम्यात श्वास "घेता येत नाही" असं सगळे म्हणतात, पण खरी अडचण श्वास सोडण्याची असते. वाचता वाचता एक करून बघा. छातीभर श्वास घ्या, त्यातला अगदी थोडाच सोडा, आणि त्या भरलेल्या छातीवरच पुढचे चार-पाच श्वास घेत राहा. काही क्षणांत जीव घाबरा होईल. या मुलीचं दुपारपासून हेच चाललं होतं. श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळलेले, आतलं अस्तर सुजलेलं, आणि मध्ये चिकट कफाचे गोळे. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा विरोध साधारण सोळा पट वाढतो. बाहेर पडायला पुरेसा वेळच न मिळाल्याने हवा आत साचते, छाती फुगलेल्या अवस्थेतच राहते, आणि फुगलेल्या छातीला आणखी फुगवण्यात स्नायू दमून जातात.

दुपारपासून तिने निळा पंप पंधरा-वीस वेळा तरी दाबला होता. पंपातलं साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करतं, म्हणून दर वेळी थोडं बरं वाटायचं. सुजेवर आणि कफावर त्याचा इलाज नाही. त्या थोड्या बरं वाटण्यातच सात तास गेले.

आम्ही तेच औषध मोठ्या मात्रेत दिलं. मास्क लावून पाच मिलिग्रॅम साल्ब्युटामॉल, सोबत अर्धा मिलिग्रॅम इप्राट्रोपियम. लोक याला "वाफ दिली" म्हणतात, पण ती गरम वाफ नसते. ऑक्सिजनच्या झोताने औषधाचं धुकं केलेलं असतं. इप्राट्रोपियम स्नायूंना आवळायला लावणारा चेतातंतूंचा निरोप अडवतं, म्हणजे एकाच कुलपाला दोन बाजूंनी हात घातल्यासारखं. पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी असा एक डोस, एकूण तीन. हात थरथरतात, छाती धडधडते, रक्तातलं पोटॅशियम थोडं उतरतं. ते चालवून घ्यावं लागतं.

पहिला मास्क लावतानाच तिला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या, मिळून ५० मिलिग्रॅम होतील इतक्या गोळ्या पाण्याबरोबर दिल्या. आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की पोरगी अशी तडफडतेय आणि हे गोळ्या देतायत. सुईवरचा आपला विश्वास जुना आहे. पण रुग्ण गिळू शकत असेल, उलटी होत नसेल, तर स्टिरॉइडची गोळी शिरेतल्या इंजेक्शनइतकंच काम करते. गोळी असो वा इंजेक्शन, स्टिरॉइडला सूज उतरवायला चार तास तरी लागतात. म्हणूनच ते पहिल्या तासात द्यायचं असतं. "आधी वाफेने काय होतं ते बघू, मग स्टिरॉइड" असं म्हणत बसलं तर पहाटेची मदत सकाळवर जाते.

दुसरा डोस संपता संपता इंटर्न मला म्हणाला, "सर, बरं वाटतंय तिला. घरघर जवळजवळ गेली."

मी स्टेथोस्कोप लावला. घरघर गेली होती, हे खरं. पण तिच्या जागी श्वासाचा मोकळा आवाजही आला नव्हता. दोन्ही बाजूंना, खालपासून वरपर्यंत, जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. बासरीतून सूर निघायला फुंकर लागते. छातीतल्या शिट्टीलाही हवा वाहती लागते. नळ्या मोकळ्या झाल्या की शिट्टी थांबते, आणि हवा जायचीच थांबली तरी शिट्टी थांबते. पहिल्या कारणाने थांबली असेल तर रुग्ण बोलायला लागतो. ही बोलत नव्हती. मघापर्यंत मास्क ओढून काढू पाहणारी मुलगी आता मान खाली घालून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. श्वास ३२ वरून २२ वर आला होता. कागदावर ती सुधारणा दिसते. आणि श्वास घेताना पोट बाहेर येण्याऐवजी आत ओढलं जात होतं, म्हणजे छातीचा पडदा थकला होता.

ऑक्सिमीटर मात्र ९६ दाखवत होता. याच आकड्यावर भले भले फसतात. ते यंत्र फक्त ऑक्सिजन बघतं, आणि ऑक्सिजन आम्ही मास्कमधून वरून देतच होतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय की नाही, हे त्याला दिसत नाही.

ते बघायला मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. कार्बन डायऑक्साइडचा दाब आला ४१. सर्वसाधारण मर्यादा ३५ ते ४५, त्यामुळे छापील रिपोर्टवर त्या ओळीपुढे धोक्याची कसलीही खूण नव्हती. इंटर्नने ते वाचून सुटकेचा श्वास टाकला. पण मिनिटाला तीस श्वास घेणाऱ्या माणसाने हा वायू भराभर बाहेर टाकलेला असतो. झटक्याच्या सुरुवातीला दाब ३० च्या आसपास किंवा त्याहून कमी असायला हवा. तिचा ४१ होता म्हणजे तो वर चढत चढत तिथे पोचला होता, आणि तिथे थांबण्याचं काही कारण नव्हतं. दम्याच्या तीव्र झटक्यात "नॉर्मल" कार्बन डायऑक्साइड हे जीवघेण्या अवस्थेचं लक्षण धरतात. तो ४५ च्या वर गेला की श्वास बंद पडण्याची वेळ जवळ आली असं समजायचं. त्यापुढची पायरी म्हणजे गुंगी, निळे पडलेले ओठ, आणि १३० वर धावणारी नाडी अचानक मंदावणं. नाडी मंदावली की हातात मिनिटंच उरतात.

या टप्प्यावर एक चूक सहज होते. रुग्ण बेचैन आहे, हातपाय झाडतोय, म्हणून कुणीतरी झोपेचं इंजेक्शन भरतं. ती बेचैनी म्हणजे गुदमरणं असतं. ती शांत केली की उरलासुरला श्वासही शांत होतो.

अतिदक्षता विभागाला आणि भूलतज्ज्ञांना फोन गेला, तिसरा डोस लागलीच सुरू केला आणि सिस्टरना मॅग्नेशियम सल्फेट आणायला सांगितलं. त्या सवयीने लेबर रूमकडे वळल्या. आपल्याकडे या औषधाची जुनी ओळख गरोदरपणातल्या आकडीवरचं औषध अशीच आहे. दम्यातली मात्रा त्यामानाने लहान असते. दोन ग्रॅम, सलाईनमध्ये मिसळून वीस मिनिटांत शिरेतून, एकदाच. स्नायू आवळायला पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं आणि मॅग्नेशियम त्याची वाट अडवतं. अंगात ऊब पसरते, चेहरा लाल होतो, रक्तदाब थोडा उतरू शकतो. म्हणून ते घाईने ढकलायचं नसतं, आणि रक्तदाबावर नजर ठेवायची असते.

मॅग्नेशियम जादूचं औषध नाही. ब्रिटनमध्ये ११०९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा ठळक फायदा दिसला नाही. पण जीवघेण्या अवस्थेतले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. पुढच्याच वर्षी अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा शिरेतून मॅग्नेशियम दिलेल्या दर शंभर रुग्णांमागे साधारण सात जणांचं दाखल होणं टळलं, असं दिसलं. माझं मत विचाराल तर साध्या झटक्यात ते मी देत नाही. वाफेचे डोस देऊनही छाती मुकी राहिली, तर थांबतही नाही.

भूलतज्ज्ञ आले, व्हेंटिलेटरसाठी घशातून श्वासनलिकेत घालायच्या नळीची तयारी करून बाजूला उभे राहिले. नातेवाईकांना व्हेंटिलेटर म्हणजे सुटका वाटते. दम्यात तो नाइलाजाचा मार्ग असतो. यंत्र हवा आत ढकलू शकतं, पण अडकलेली हवा बाहेर ओढून काढू शकत नाही. घाईने श्वास दिले तर छाती आणखी फुगते, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून नळी टाकलीच तर श्वास मुद्दाम कमी ठेवतात, मिनिटाला आठ-दहा, आणि कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तरी चालवून घेतात. सगळा वेळ द्यायचा तो हवा बाहेर पडायला.

मॅग्नेशियम संपून दहा मिनिटं झाली होती. मी पुन्हा स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे, पाठीच्या खालच्या बाजूला एक बारीक शिट्टी. मग डावीकडेही. थोड्या वेळात ती दोन हात लांबूनही ऐकू यायला लागली, ती आली तेव्हापेक्षाही मोठी. आई घाबरली, "डॉक्टर, परत वाजायला लागलं!" तिला सांगितलं, वाजू दे. इंटर्नही आता हसत होता. दुसऱ्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड ३६ आला. भूलतज्ज्ञांनी नळी परत ट्रेमध्ये ठेवली, पण तासभर तिथून हलले नाहीत.

पहाटे चारच्या सुमाराला, रात्री गिळलेल्या गोळ्यांचा अंमल जाणवू लागला तेव्हा, पीक फ्लो २७० वर गेला. मास्क बाजूला सारून ती एका दमात म्हणाली, "आई, माझी एक चप्पल रिक्षातच राहिली वाटतं."